कोरा रिव्ह्यू आणि त्याचं उत्तर

मालवणच्या बाजूला चार खोल्यांचा एक होमस्टे आहे, असं धरू. पाहुण्यांचं सगळं नवरा-बायको बघतात आणि गूगलवर आलेल्या रिव्ह्यूंना उत्तरं लिहायचं काम पुण्यातला भाचा करतो. दर आठवड्याला त्याच्याकडे एक यादी येते. तीत नाव, तारीख, तारे आणि मजकूर असे चार रकाने असतात. या वेळी एका ओळीत नाव आणि तारीख आहे, पण पुढचे दोन्ही रकाने कोरे आहेत. आता उत्तर काय लिहायचं?

अशा वेळी हाताशी असलेलं वाक्य लिहून मोकळं व्हावंसं वाटतं: ‘आपल्या सुंदर अभिप्रायाबद्दल मनःपूर्वक आभार, पुन्हा नक्की या!’ पण त्या पाहुण्याने एक तारा देऊन ‘दोन दिवस गरम पाणी नव्हतं’ असं लिहिलेलं असलं तर? ते आणि त्याखालचे आभार, दोन्ही सगळ्यांना दिसतात. पुढचा गिऱ्हाईक समजून जातो की इथे तक्रार कोणी वाचतच नाही. उलट, सावधगिरी म्हणून ‘झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ असं लिहिलं आणि वर पाच तारे निघाले, तर कसली गैरसोय झाली होती, अशी शंका आपणच वाचणाऱ्याच्या मनात घालतो. आभार आणि माफी, दोन्ही इथे अंदाजच आहेत.

म्हणून आधी रकाने कोरे का राहिले ते शोधावं. गूगलवर मजकूर न लिहिता नुसते तारे देता येतात. पण तारे न देता रिव्ह्यू देता येत नाही, आणि कमीत कमी एक तारा द्यावाच लागतो. तेव्हा नुसता मजकूर नसेल तर तो ग्राहकाने लिहिलाच नसेल. पण ताऱ्यांचा रकानाही कोरा असेल, तर बहुधा माहिती आपल्यापर्यंत येताना कुठेतरी गळाली आहे. यादी एखाद्या सॉफ्टवेअरमधून येत असेल, तर तिथे तारे `starRating` या नावाखाली असतात आणि कधी `STAR_RATING_UNSPECIFIED` असं दिसतं. याचा अर्थ ‘तारे नोंदलेले नाहीत’ एवढाच. ते शून्य समजून सरासरी काढली, तर होमस्टेचा आकडा उगाच खाली येतो.

भाच्याने मालकाच्या खात्यातून प्रोफाइल उघडावं, रिव्ह्यू नव्यापासून जुन्याकडे लावावेत आणि ते नाव शोधावं. सापडलं तर प्रश्न मिटला. सापडलंच नाही, तर ग्राहकाने रिव्ह्यू काढून टाकला असेल किंवा गूगलच्या गाळणीत तो अडकला असेल. मग उत्तर लिहायला जागाच उरत नाही, आणि यादीतली ओळ तशीच सोडून द्यावी.

पण समजा, मालकांशी दिवसभर संपर्क होत नाही, खातं उघडता येत नाही आणि मसुदा मात्र संध्याकाळपर्यंत हवा आहे. मग जेवढं ठाऊक आहे तेवढ्यावरच लिहावं. ठाऊक काय आहे? एका व्यक्तीने रिव्ह्यू नोंदवला, एवढंच. ती खरंच मुक्कामाला आली होती का, हेसुद्धा यादी सांगत नाही. मसुदा असा होईल:

‘नमस्कार. आपण वेळ काढून आमच्या होमस्टेबद्दल मत नोंदवलंत, त्याबद्दल आभारी आहोत. खोली, जेवण किंवा आणखी कशाबद्दल काही सांगायचं असेल, तर प्रोफाइलवरच्या नंबरावर जरूर फोन करा. फोन आम्ही दोघंच घेतो.’

यात कौतुक गृहीत धरलेलं नाही, तक्रारही नाही. मसुदा तपासायची रीत सोपी आहे: तो आधी एका ताऱ्याखाली वाचायचा, मग पाच ताऱ्यांखाली. दोन्हीपैकी एका ठिकाणी जे वाक्य खटकेल ते काढायचं. ‘पुन्हा या’ एका ताऱ्याखाली खटकतं, ‘यापुढे काळजी घेऊ’ पाच ताऱ्यांखाली खटकतं. म्हणून दोन्ही गेली.

दोन गोष्टी मात्र कधीच घालू नयेत. ‘रिव्ह्यू बदललात तर पुढच्या वेळी सवलत देऊ’ असं आमिष गूगलच्या नियमात बसत नाही. आणि बुकिंगचा तपशील जाहीर उत्तरात लिहू नये. दवाखान्याच्या बाबतीत तर ‘आपण उपचारासाठी आलात’ एवढं म्हणणंसुद्धा रुग्णाची खासगी गोष्ट चारचौघांत उघड करणं आहे.

या मसुद्याला मर्यादा आहे. तो कुणाचं नुकसान करत नाही, पण गरम पाण्याच्या तक्रारीचं उत्तरही देत नाही. दहा कोऱ्या ओळींखाली तोच चिकटवला, तर वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. गूगलवर दिलेलं उत्तर नंतर बदलता येतं. त्यामुळे खातं उघडलं, तारे आणि मजकूर दिसला की त्याच दिवशी मसुदा बाजूला सारावा आणि गीझर दुरुस्त झाला की नाही, ते मालकांना विचारून खरं उत्तर लिहावं.