परत आलेला माल आणि विक्रेत्याचे करदायित्व

विकलेला माल काही कारणाने परत आला, तर त्यावर भरलेल्या कराचे काय होते, हा प्रश्न व्यापाऱ्याइतकाच शाळा, ग्रामपंचायत वा सहकारी संस्था यांच्याही उपयोगाचा आहे. खरेदी करणारी संस्था करासह पैसे मोजते. माल परत केल्यानंतर तिला मूळ किमतीबरोबर कराची रक्कमही मिळावयास हवी, आणि विक्रेत्यालाही न झालेल्या विक्रीवर कर भरावा लागू नये. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ आणि त्याच वर्षीचा महाराष्ट्राचा अधिनियम या दोहोंच्या कलम ३४ मध्ये यासाठी 'क्रेडिट नोट'ची तरतूद आहे.

सर्वप्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. माल परत आला म्हणून मूळ बीजक रद्द करावयाचे नसते, किंवा ज्या महिन्यात विक्री झाली त्या महिन्याचे विवरणपत्र पुन्हा उघडावयाचे नसते. मूळ बीजक तसेच राहते. विक्रेता क्रेडिट नोट हा स्वतंत्र दस्तऐवज देतो. तीत त्याचे व ग्राहकाचे नाव-पत्ता, नोंदणी क्रमांक, क्रेडिट नोटचा स्वतःचा अनुक्रमांक व दिनांक, ज्या बीजकाशी ती संबंधित आहे त्याचा क्रमांक व दिनांक, मालाचे मूल्य, कराचा दर आणि कराची रक्कम नमूद करावी लागते. ज्या महिन्यात क्रेडिट नोट दिली, त्या महिन्याच्या विवरणपत्रात ती दाखवून त्या महिन्याचे करदायित्व तेवढ्याने कमी केले जाते.

एका उदाहरणावरून ही पद्धती स्पष्ट होईल. जळगावच्या एका घाऊक विक्रेत्याने ऑगस्ट २०२५ मध्ये चोपड्याच्या एका दुकानदाराला ५० सायकली प्रत्येकी ५,००० रुपये या करपूर्व दराने विकल्या. तेव्हा सायकलींवर १२ टक्के कर होता. मालाचे मूल्य २,५०,००० रुपये आणि कर ३०,००० रुपये, म्हणजे केंद्राचा १५,००० व राज्याचा १५,००० रुपये झाला. विक्रेत्याने ऑगस्टच्या विवरणपत्राद्वारे तो भरला. ब्रेक सदोष असल्याने ऑक्टोबरमध्ये दुकानदाराने १० सायकली परत पाठविल्या. दरम्यान २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला होता.

आता क्रेडिट नोट कोणत्या दराने द्यावयाची? ऑक्टोबरमध्ये दर ५ टक्के असल्याने ती ५ टक्क्यांनी द्यावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ते बरोबर नाही. क्रेडिट नोट मूळ बीजकात आकारलेला कर उलटविते. म्हणून ५०,००० रुपयांच्या मालावर १२ टक्क्यांनी ६,००० रुपये कर दाखविला पाहिजे. ५ टक्के धरल्यास केवळ २,५०० रुपये दिसतील आणि ३,५०० रुपयांचा कर न झालेल्या विक्रीवर भरला गेला, असे होईल.

याच विक्रेत्याने ऑक्टोबरमध्ये आणखी ६० सायकली ५ टक्के दराने विकल्या. त्यांचे मूल्य ३,००,००० रुपये व कर १५,००० रुपये होतो. त्यातून क्रेडिट नोटचे ६,००० रुपये वजा जाता ऑक्टोबरचे करदायित्व ९,००० रुपये राहते. विक्रीचा तपशील देणाऱ्या जीएसटीआर-१ मध्ये नव्या विक्रीची बीजके नेहमीच्या जागी आणि क्रेडिट नोट तक्ता ९ब मध्ये नोंदविली जाते. दरमहा विवरण देणाऱ्यास हे ११ नोव्हेंबरपर्यंत करावे लागते. त्यावरून कर भरावयाच्या जीएसटीआर-३ब मध्ये तक्ता ३.१ (अ) येथे मूल्य २,५०,००० आणि कर ९,००० रुपये असे निव्वळ आकडे येतात. क्रेडिट नोट जीएसटीआर-१ मध्ये न दाखविता केवळ दुसऱ्या विवरणपत्रात रक्कम कमी केल्यास दोन्ही विवरणांत तफावत पडते, आणि कर विभागाकडून विचारणा येते.

या व्यवहाराची दुसरी बाजू दुकानदाराची आहे. सायकली घेतल्या तेव्हा ३०,००० रुपये करापोटी त्याने वजावट घेतली होती. दहा सायकली परत गेल्यावर त्यातील ६,००० रुपयांवर त्याचा हक्क राहत नाही. ती वजावट त्याने परत फिरवावयाची असते. घाऊक विक्रेता त्याला कर धरून ५६,००० रुपये परत करतो, म्हणून यात त्याचे नुकसान नाही. विक्रेत्याचे दायित्व ६,००० रुपयांनी घटते, ग्राहकाची वजावट तेवढ्यानेच घटते आणि शासनाचा महसूल जागेवर राहतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने ही बाब कायद्यात स्पष्ट शब्दांत आली आहे. नोंदणीकृत ग्राहकाने घेतलेली वजावट परत फिरविली नसेल, तर विक्रेत्याला आपले दायित्व कमी करता येत नाही.

ग्राहकाने क्रेडिट नोट मान्य केली की नाही, हे पोर्टलवरील इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिममध्ये दिसते. ग्राहकाने तेथे काहीच न केल्यास क्रेडिट नोट मान्य झाली असे धरले जाते. त्याने ती नाकारली, तर तेवढी रक्कम पुढील विवरणपत्रात विक्रेत्याच्या दायित्वात पुन्हा मिळविली जाते. म्हणून माल परत आल्याची नोंद, परतीचे चलन आणि ग्राहकाशी झालेला पत्रव्यवहार विक्रेत्याने जपून ठेवणे इष्ट होय.

शाळेसारख्या नोंदणी नसलेल्या ग्राहकाची स्थिती थोडी वेगळी आहे. समजा, एका शाळेने ऑगस्ट २०२५ मध्ये याच दुकानातून करपूर्व ६,००० रुपयांची सायकल घेतली आणि ७२० रुपये करासह ६,७२० रुपये दिले. ऑक्टोबरमध्ये ती परत केल्यास शाळेला ६,७२० रुपयेच मिळावयास हवेत, नव्या दराने येणारे ६,३०० रुपये नव्हेत. शाळेने वजावट घेतलेली नसल्याने ती परत फिरविण्याचा प्रश्न येत नाही. मात्र कराचा भार आपण ग्राहकावर राहू दिला नाही, हे दुकानदाराला दाखविता आले पाहिजे. कर न परतविता स्वतःचे दायित्व कमी करणे कायद्याला मान्य नाही. म्हणून पैसे परत घेताना संस्थेने मूळ बीजकाचा क्रमांक आणि कराची रक्कम असलेली क्रेडिट नोट मागून घ्यावी व ती व्हाउचरला जोडावी. असे राज्यांतर्गत किरकोळ व्यवहार दुकानदार जीएसटीआर-१ च्या तक्ता ७ मध्ये दरनिहाय वजा करून दाखवितो.

या सवलतीला मुदत आहे. ज्या आर्थिक वर्षात मूळ विक्री झाली, ते संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या दिनांकापर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंतच क्रेडिट नोट विवरणपत्रात दाखविता येते. ऑगस्ट २०२५ च्या विक्रीसाठी ही अंतिम तारीख ३० नोव्हेंबर २०२६ होय. वार्षिक विवरणपत्र सप्टेंबर २०२६ मध्येच भरले गेले, तर मुदतही तेव्हाच संपते. त्यानंतर विक्रेता मालाची किंमत परत देऊ शकतो, परंतु त्यावर भरलेला कर त्याला दायित्वातून वजा करता येत नाही. सदोष वस्तू परत करण्यास होणाऱ्या विलंबाची किंमत ही अशी कराच्या रकमेइतकी असू शकते.