पहिल्या रांगेत कोण बसणार?

गेल्या पावसाळ्यात एका रात्री अकराच्या सुमारास मोबाइलवर एक मजकूर आला. पाठवणारी माझ्या जुन्या शेजाऱ्यांची मुलगी. शीवमध्येच वाढलेली, आता ठाण्याला राहते. वर एकच ओळ : ‘काका, जरा बघता का? पूर्ण करून दिलंत तर बरं होईल.’ खाली दीड पानाचं भाषण, तेही मध्येच थांबलेलं. कार्यक्रम कोणता, कुठे, कोणासमोर, किती वेळ, यातलं काहीही नाही.

मुद्रितशोधन आणि संपादन करण्यात माझी तीसेक वर्षं गेली. त्यामुळे ओळखीतले लोक मानपत्रं, आभाराची भाषणं, श्रद्धांजलीचे मजकूर हक्कानं पाठवतात. त्यांतले निम्म्याहून अधिक असेच येतात, नावगाव नसलेल्या पाकिटासारखे. यात निष्काळजीपणा असतो असं नाही. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ते सभागृह इतकं स्पष्ट उभं असतं, की ते दुसऱ्याला दिसत नाही हे त्याच्या ध्यानातच येत नाही. अशा वेळी आधी काय विचारावं, याबद्दल अनुभवातून आणि थोड्या वाचनातून माझ्या हाती जे लागलं, ते इथे मांडतो.

त्या मजकुराची सुरुवात ‘व्यासपीठावरील मान्यवर आणि जमलेल्या बंधुभगिनींनो’ अशी होती. हे संबोधन बारशापासून शोकसभेपर्यंत कुठेही चालतं, त्यामुळे त्यातून काही कळत नाही. पुढचा परिच्छेद मात्र जिवंत होता. शाळेचं छत गळायचं. बाई एका हातात उघडी छत्री आणि दुसऱ्या हातात खडू घेऊन फळ्यावर गणितं सोडवायच्या. छत्रीवरून ओघळणारं पाणी पहिल्या बाकावरच्या वह्यांवर पडायचं, म्हणून तो बाक मागे सरकवलेला असायचा. मग एक प्रश्न : ‘बाईंनी आम्हाला इतकं दिलं, आपण त्यांना काय दिलं?’ आणि शेवटी ‘आज आपण सर्वांनी ठरवलं पाहिजे की’, एवढ्यावर मजकूर संपलेला.

विचारण्याआधी मजकुरातूनच काय कळतं ते पाहायची माझी सवय आहे. सगळी क्रियापदं भूतकाळातली. मराठीत निवृत्तीचं भाषण आणि श्रद्धांजली यांच्यात इथेच घोटाळा होतो. बाई ‘शिकवायच्या’, त्या ‘रागवायच्या’, हे त्या निवृत्त झाल्या तरी खरं आणि गेल्या तरी खरं. आदरार्थी बहुवचनानंही काही उलगडत नाही.

दुसरी खूण ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांची. ज्याच्याशी बोलतो आहोत त्याला सोडून ‘आम्ही’, त्याला धरून ‘आपण’, हा भेद मराठी पाळते. हिंदी ‘हम’मध्ये तो दिसत नाही. शिवाय ‘आपण’ हे आदरानं ‘तुम्ही’ म्हणण्यासाठीही येतं. म्हणजे समोर कोण आहे हे माहीत नसेल, तर ‘आपण’ हा शब्द तपासताच येत नाही. पूर्वी एका सोसायटीच्या सचिवांचं भाषण मी असंच, काही न विचारता, घासूनपुसून दिलं होतं. ‘आपण सर्वांनी मिळून या इमारतीसाठी कष्ट काढले’ हे वाक्य मला गोड वाटलं. मी ते शेवटी घेतलं आणि दोनदा घेतलं. सभा पुनर्विकासाची होती, आणि पहिल्या रांगेत विकासकाची माणसं बसली होती. रहिवाशांनी आपल्या हक्काचं म्हणून जे मांडायचं, त्यात माझ्या ‘आपण’नं समोरच्या पक्षालाही वाटेकरी करून टाकलं. तिथे ‘आम्ही’च हवं होतं. व्याकरणाच्या दृष्टीनं वाक्यात एकही चूक नव्हती.

श्रोते आणि मजकूर यांचं नातं किती घट्ट असतं याचा मला माहीत असलेला सर्वांत मोठा दाखला शीवपासून दोन स्थानकांवरचा, दादरचा आहे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळानं आपल्या वार्षिक परिषदेच्या अध्यक्षपदासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बोलावलं होतं. त्यासाठी त्यांनी इंग्रजीत भाषण लिहिलं. १९३६ च्या एप्रिलमध्ये मंडळाचे हरभगवान मुंबईला येऊन मजकूर पाहून गेले आणि त्यावरून पत्रव्यवहार झाला. धर्मग्रंथांच्या प्रामाण्यावरचा भाग मंडळाला अनावश्यक वाटत होता. हिंदू समाज सोडण्याचा निर्धार भाषणात यावा, हेही त्यांना रुचत नव्हतं. आंबेडकरांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद झाली नाही. आंबेडकरांनी ते न झालेलं भाषण स्वतः छापलं. हेच ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’. पहिल्या आवृत्तीच्या दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या.

हा प्रसंग तत्त्वनिष्ठेचा म्हणून सांगितला जातो, आणि तो तसा आहेच. मला त्यात संपादनाचीही एक गोष्ट दिसते. हा मजकूर ज्यांच्यासाठी लिहिला होता, ते त्याच्या प्रत्येक वाक्यात बसलेले आहेत. जात मोडू पाहणारे सवर्ण सुधारक समोर आहेत आणि बोलणारा त्यांच्या बाहेरचा आहे, हे धरूनच त्याची मांडणी झाली. सुरुवातीलाच वक्ता आपल्याला या जागी बोलावण्यातली अडचण बोलून दाखवतो. मंडळाला त्यातले काही परिच्छेद जास्तीचे वाटले, पण ते काढले असते तर तेच भाषण थोडं आखूड झालं नसतं, दुसरंच भाषण झालं असतं. पुस्तक छापताना आंबेडकरांनी भाषणाचा बाज बदलून निबंध केला नाही. मंडळाशी झालेला पत्रव्यवहार मात्र पुढे जोडला. हे कोणाला उद्देशून होतं आणि का बोललं गेलं नाही, हे वाचकाला आधी कळतं. माझ्याकडे येणाऱ्या मजकुरांवर जी चिठ्ठी नसते, ती त्यांनी पुस्तकालाच जोडून दिली.

त्याच मे महिन्याच्या अखेरीस, ३१ तारखेला, दादर-नायगावला मुंबई इलाखा महार परिषदेत ते बोलले. ‘मुक्ती कोन पथे?’ या नावानं ते भाषण ओळखलं जातं. विषय जवळचाच, माणूस तोच, मध्ये काही आठवडे. तरी भाषण पूर्ण वेगळं, कारण समोर स्वतःचा समाज आहे आणि भाषा मराठी आहे. इथे ते आरंभीच परिषद फक्त महारांची का बोलावली आणि कशासाठी बोलावली, ते सांगतात. प्रवासाला निघण्याआधी नावाड्याला तयारी करावी लागते. किती लोक धर्मांतराला तयार आहेत हे कळल्याशिवाय आपल्याला ती तयारी करता येणार नाही, असा त्यांचा मुद्दा. म्हणजे समोर कोण आहे आणि ऐकून झाल्यावर त्यांनी काय ठरवायचं आहे, या दोन्ही गोष्टी पहिल्या काही मिनिटांतच स्पष्ट होतात. शेवट बुद्धानं आनंदाला केलेल्या उपदेशानं होतो : स्वतःच स्वतःचा दिवा व्हा. लाहोरच्या श्रोत्यांसमोर हा शेवट बसला नसता.

‘कार्यक्रम कसला आहे?’ हा प्रश्न मी पहिला विचारत नाही, त्याचं कारण यात आहे. त्याला ‘सत्कार आहे’ असं दोन शब्दांचं उत्तर येतं आणि आपल्याला सगळं कळलं असं वाटतं. सत्काराला घरचे असतात की शिक्षणखात्याचे अधिकारी, यावर भाषण ठरतं. म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे : पहिल्या रांगेत कोण बसणार? याला उत्तर द्यायचं तर माणसाला ते सभागृह मनात उभं करावं लागतं. मग जे लिहायचं राहून गेलं होतं ते आपोआप बाहेर येतं.

दुसरा प्रश्न, तुझं बोलून झाल्यावर त्यांनी काय करावं? तिसरा, आधी कोण बोलणार आणि तुला किती मिनिटं? थांबत, श्वास घेत बोललं तर मिनिटाला शंभरेक शब्द होतात, असं मी घड्याळ लावून पाहिलं आहे. पाच मिनिटं मिळाली तर पाचशे शब्द. पण हे प्रश्न एकाच वेळी धाडले की उत्तर येत नाही. अर्धं भाषण पाठवणारा माणूस आधीच बिचकलेला असतो. त्याला फॉर्म भरायला दिल्यासारखं होतं. म्हणून एकच प्रश्न पाठवायचा, तोही पहिला.

उत्तर यायच्या आत मी एक चूक केलीच. सत्कारच असणार असं धरून मी शेवट लिहून ठेवला होता. बाईंकडे वळून विचारायचं, ‘बाई, तो पावसाळा आठवतो ना?’ मला तो फार साधला असं वाटत होतं.

सकाळी फोन आला. म्हणाली, “पहिल्या रांगेत बाईच असतील, काका. त्यांची मुलगी घेऊन येणार आहे. पण बाईंना आता फारसं आठवत नाही. कधीकधी मुलीलाही ओळखत नाहीत.”

मी लिहिलेला शेवट तिला सांगितला नाही. मागे कोण असतील, एवढंच विचारलं. शाळेची आताची मुलं आणि त्यांचे पालक. बाईंच्या हातचं शिकलेले फार तर पंधरा-वीस जण. म्हणजे ‘आपण त्यांना काय दिलं?’ हा प्रश्न ज्यांना लागू होतो, ते त्या सभागृहात थोडेच होते. आणि त्यांनी काय करावं? थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, “काही नाही. आमच्या बाई कोण होत्या, हे या मुलांना कळावं. एवढंच.”

त्यानंतर काम सोपं झालं. ‘ठरवलं पाहिजे की’ हे अर्धं वाक्य गेलं, कारण कोणाला काही ठरवायचं नव्हतं. ‘आपण काय दिलं?’ हेही गेलं. छत्रीचा परिच्छेद पहिला आला आणि त्यात दोन वाक्यांची भर पडली. गळणाऱ्या वर्गात शिकायचं म्हणजे काय, हे आताच्या मुलांना सांगावं लागणार होतं. बाईंच्या आठवणीवर भार पडेल असा एकही प्रश्न ठेवला नाही. जे घडलं ते सगळं त्यांच्या देखत, त्यांच्या वतीनं, आम्हीच आठवायचं. शेवटी बाईंकडे वळून फक्त ‘बाई, आम्ही तुमचे विद्यार्थी’ असं म्हणून स्वतःचं नाव आणि तुकडी सांगायची. मागच्या पंधरावीस जणांनीही उभं राहून तसंच सांगायचं. हे तिला सुचलं, मला नाही.

कधी उत्तर येतच नाही आणि कार्यक्रम दुसऱ्या दिवशी असतो. तेव्हा मी भाषण पूर्ण करत नाही. श्रोते कोणीही असले तरी उभा राहील असा भाग, इथे छत्रीचा, नीट करतो. ‘आपण’, भूतकाळी क्रियापदं आणि शेवट यांच्याखाली रेघ मारून मजकूर परत पाठवतो. रेघांशेजारी तोच प्रश्न लिहितो. बहुतेक वेळा रेघा पाहिल्यावर फोन येतो.

त्या कार्यक्रमाला मी गेलो नव्हतो. तिनं नंतर सांगितलं, की तुकड्या सांगणं चालू असताना बाई प्रत्येकाकडे मान हलवत होत्या. नंतर त्यांनी एकीला विचारलं, “वही भिजली नाही ना?” ती नेमकी पहिल्या बाकावरची होती, की बाईंनी नुसतंच विचारलं, हे तिलाही सांगता आलं नाही.