काप ब्रेनस्टेमचा, पण कुठल्या पातळीचा?

मेंदूला पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूशी जोडणारा ब्रेनस्टेम जेमतेम बोटभर लांबीचा. वरून खाली मिडब्रेन, पॉन्स आणि मेड्युला असे त्याचे तीन भाग. त्याचा आडवा पातळ काप परीक्षेत समोर आला, की तो यांपैकी कुठला हे वैद्यकीच्या विद्यार्थ्याला ओळखावं लागतं.

यासाठी एकच धागा धरावा: हातापायांना हालचालीचा हुकूम नेणारे तंतू. मिडब्रेनच्या कापात ते पुढच्या बाजूला, दोन्हीकडच्या जाड खांबांत एकत्र असतात. पॉन्समध्ये शिरताच आडवे तंतू मधे घुसतात आणि या खांबांच्या लहान लहान जुड्या होतात. मेड्युलात त्या पुन्हा एकवटतात आणि पुढच्या बाजूला मध्यरेषेलगत दोन उंचवटे दिसतात. त्यांना पिरॅमिड म्हणतात. मेड्युलाच्या तळाशी यातले बहुतेक तंतू बाजू बदलतात. म्हणून उजव्या मेंदूचा हुकूम डाव्या हाताला पोहोचतो.

आता शेजारी पाहावं. मिडब्रेनमध्ये खांबांच्या मागे सब्स्टॅन्शिया नायग्राचा पट्टा असतो, आणि वरच्या अर्ध्या भागाच्या कापात रेड न्यूक्लियसचे दोन गोल. पॉन्सच्या खालच्या भागात चेहऱ्याच्या नसेचे तंतू डोळा बाहेर वळवणाऱ्या केंद्राला वळसा घालून जातात. मेड्युलाच्या वरच्या भागात पिरॅमिडच्या मागे घड्या पडलेल्या पिशवीसारखा ऑलिव्ह दिसतो. तो दिसला, की मेड्युलाविषयी शंका उरत नाही.

फसवणूक रंगांमुळे होते. ताज्या कापात सब्स्टॅन्शिया नायग्रा रंगद्रव्यामुळे काळसर दिसतो. पण वायगर्ट पद्धतीने रंगवलेल्या कापात तंतूंची वेष्टनं गडद होतात आणि केंद्रकं फिकी पडतात. मग तोच ‘काळा’ पट्टा उजळ दिसतो. शिवाय पाठ्यपुस्तकातल्या चित्रांत बहुधा पाठीची बाजू वर असते, एमआरआयमध्ये पुढची.

ही ओळख रुग्णाजवळ कामी येते ती अशी. समजा, एखाद्याची उजवी पापणी अचानक ढळली, डोळा बाहेरच्या बाजूला वळला, बाहुली मोठी झाली, आणि डावा हात व डावा पाय लुळा पडला. डोळ्याची तिसरी नस मिडब्रेनच्या खांबाजवळून बाहेर पडते, आणि खांबातले तंतू अजून बाजू बदललेले नसतात. म्हणजे घाव उजव्या मिडब्रेनमध्ये, पुढच्या बाजूला. हेच वेबर सिंड्रोम. हर्मान वेबर यांनी 1863 मध्ये त्याचं वर्णन केलं. डोळ्याऐवजी उजव्या बाजूचा सगळा चेहरा कपाळासकट लुळा असता, तर संशय पॉन्सवर गेला असता. बाहेर काढलेली जीभ उजवीकडे वळली असती, तर मेड्युलावर.

झटक्यानंतर पहिल्या दिवशी ब्रेनस्टेममधला लहान घाव एमआरआयमध्ये कधी कधी दिसतही नाही. तेव्हा डॉक्टरांना याच खुणांवर भिस्त ठेवावी लागते.