एक तक्ता, तीन फाईली

जालना जिल्ह्यातील परतूर तालुक्यात आष्टी नावाचे गाव आहे. समजा, तेथील एका उर्दू शाळेने शिष्यवृत्तीचा तक्ता संगणकावर एक्सेलमध्ये तयार केला आहे. वरच्या ओळीत शाळेचे नाव नस्तालीक लिपीत लिहिले आहे. खाली अनुक्रमांक, नाव, बँक खाते क्रमांक, पहिला हप्ता, दुसरा हप्ता आणि एकूण असे सहा रकाने आहेत. सलमाचा खाते क्रमांक 00451203378 असा आहे. सुरुवातीची दोन शून्ये टिकावीत म्हणून तो रकाना 'Text' प्रकारचा ठेवला आहे. तिच्या 'एकूण'च्या चौकटीत `=D3+E3` हे सूत्र आहे. 600 आणि 400 मिळून तेथे 1000 दिसतात.

आता हा तक्ता साठवायचा आहे. `File` मधील `Save As` निवडले की फाईलचा प्रकार विचारला जातो.

पहिला प्रकार `.xlsx`. यात सूत्र, रंग, रकान्यांची रुंदी आणि शून्ये हे सारे टिकते. उद्या 400 चे 500 केले, तर बेरीज आपोआप 1100 होते. मात्र या फाईलमध्ये अक्षरांच्या फाँटचे फक्त नाव साठते, फाँट साठत नाही. दुसऱ्या संगणकावर तो नस्तालीक फाँट नसेल, तर शाळेचे नाव वेगळ्याच वळणाचे दिसते.

दुसरा प्रकार `.pdf`. ही जणू छापलेल्या कागदाची प्रत असते. वापरलेली अक्षरे फाईलमध्येच साठवली जातात, म्हणून नस्तालीक सगळीकडे तसेच दिसते. परंतु सूत्र निघून जाते. 1000 हा आकडा उरतो, तो कसा आला हे उरत नाही. आणखी एक अडचण येते. तक्ता कागदापेक्षा रुंद असेल, तर 'एकूण'चा रकाना दुसऱ्या पानावर जातो आणि कोणती रक्कम कोणाची हे कळत नाही. म्हणून आधी `Page Layout` मध्ये पान आडवे करावे, `Width` पुढे `1 page` निवडावे आणि मगच पीडीएफ बनवावी.

तिसरा प्रकार `.csv`. एका संगणकातील माहिती दुसऱ्या संगणकप्रणालीत भरण्यासाठी हा प्रकार मागितला जातो. यात केवळ अक्षरे, आकडे आणि त्यांच्यामध्ये स्वल्पविराम असतात. रंग, फाँट, सूत्रे जातात. उघडे असलेले एकच पान साठते, बाकीची पाने साठत नाहीत. येथे `CSV UTF-8` हाच प्रकार निवडावा. साधा `CSV` निवडला, तर उर्दू आणि मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येऊ शकतात. सलमाची ओळ अशी दिसते :

```
1,सलमा,00451203378,600,400,1000
```

शून्ये तर आहेत! मग ती हरवतात कधी? कोणी ही फाईल दोनदा टिचकी मारून एक्सेलमध्ये उघडली की एक्सेल खाते क्रमांकाला साधी संख्या समजतो आणि पुढची शून्ये टाकून देतो. तोपर्यंत मूळ फाईल शाबूत असते. पण त्याने ती पुन्हा साठवली, की ओळ अशी होते :

```
1,सलमा,451203378,600,400,1000
```

आता हा सलमाचा खाते क्रमांक राहिला नाही. तिची शिष्यवृत्ती अडकू शकते. म्हणून सीएसव्ही फाईल तपासायची असेल, तर ती नोटपॅडमध्ये उघडावी. तेथे जसे आहे तसेच दिसते.

फाईलचा प्रकार चुकल्याने मोठ्या देशातही घोटाळा झाला आहे. जुन्या `.xls` प्रकारात एका पानावर 65,536 ओळीच मावतात. 2020 साली इंग्लंडमध्ये कोरोना तपासणीचे निकाल सीएसव्हीमधून अशा जुन्या फाईलींत घेतले जात होते. जास्तीच्या ओळी गळाल्या आणि 15,841 बाधितांची नोंद वेळेवर झाली नाही. त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोधही लांबला.

तेव्हा मित्रांनो, `.xlsx` ही मूळ वही समजा. वाचायला देण्यासाठी तिची पीडीएफ काढा आणि दुसऱ्या प्रणालीत भरण्यासाठी सीएसव्ही काढा. चूक सापडली तर प्रतीत दुरुस्ती करू नका. मूळ तक्ता सुधारा आणि प्रत पुन्हा काढा.

स्वाध्याय
1. पीडीएफमध्ये नस्तालीक अक्षरे का बदलत नाहीत?
2. सलमाच्या खाते क्रमांकातील शून्ये नेमकी केव्हा कायमची नाहीशी झाली?
3. पहिल्या हप्त्याची रक्कम बदलली, तर तिन्ही फाईलींपैकी कोणत्या फाईलीत बेरीज आपोआप बदलेल? का?