मधली पदे गळून पडतात तेव्हा

(a + b)⁵ उलगडून लिहिले की गुणांक येतात १, ५, १०, १०, ५, १. दोन्ही टोकांचे १ सोडले, तर मधल्या प्रत्येक संख्येला ५ ने नि:शेष भाग जातो. हा योगायोग नाही. मधल्या गुणांकाच्या सूत्रात अंशस्थानी ५! असते आणि छेदात ५ पेक्षा लहान संख्याच असतात. ५ अविभाज्य असल्यामुळे त्यांच्यापैकी कुणीच वरचा ५ खोडू शकत नाही. कोणत्याही अविभाज्य p साठी हेच घडते. चौथ्या घाताच्या १, ४, ६, ४, १ मध्ये मात्र ६ आडवा येतो, कारण ४ अविभाज्य नाही.

आता असे संख्याविश्व घ्या, जिथे १ मध्ये १ असे p वेळा मिळवले की उत्तर शून्य येते. तिथे p ने भागले जाणारे सगळे गुणांक शून्य होतात आणि उरते फक्त (a + b)ᵖ = aᵖ + bᵖ. गुणाकाराचे (ab)ᵖ = aᵖbᵖ तर शाळेपासून ठाऊक आहेच. p वा घात घेण्याची क्रिया अशी बेरीज आणि गुणाकार दोन्ही सांभाळते. जर्मन गणिती फ्रोबेनियस (१८४९–१९१७) यांचे नाव तिला मिळाले आहे.

एक छोटे विश्व प्रत्यक्ष पाहू. संख्या फक्त ०, १, २. तीन झाले की पुन्हा शून्य. इथे कुणाचाच वर्ग २ येत नाही, म्हणून i² = २ असा नवा i आणू. a + bi रूपाच्या एकूण नऊ संख्या होतात, आणि शून्य सोडून प्रत्येकीने भागता येते. अशा रचनेला क्षेत्र म्हणतात. आता १ + i चा घन करा: १ + ३i + ३i² + i³. मधली दोन पदे गळाली, आणि i³ = २i. उत्तर १ + २i. त्याचा पुन्हा घन केला की १ + i परत मिळतो!

दोन वेगळ्या संख्यांचे घन एकच येतील का? क्षेत्रात नाही. समजा aᵖ = bᵖ. वजाबाकीही सांभाळली जात असल्याने (a − b)ᵖ = ०. क्षेत्रात शून्येतर संख्यांचा गुणाकार कधीच शून्य होत नाही; म्हणून a − b स्वतःच शून्य, म्हणजे a = b. सगळा युक्तिवाद या एका गुणधर्मावर उभा आहे. तो काढून घ्या, जसे १ + १ = ० असलेल्या विश्वात शून्य नसलेला पण ε² = ० असा ε आणा, की ε आणि ० या दोघांचे वर्ग एकच होतात.

नऊ संख्यांचे नऊ वेगळे घन म्हणजे प्रत्येक संख्येला एक आणि एकच घनमूळ. अनंत क्षेत्रात ही हमी राहत नाही. ०, १, २ हे गुणांक असलेल्या t च्या बहुपदींचे सर्व अपूर्णांक घ्या. कोणत्याही शून्येतर अपूर्णांकाच्या घनात अंश व छेद यांच्या कोटींतला फरक ३ च्या पटीत असतो, t मध्ये तो १ आहे. त्यामुळे t चे घनमूळ त्या क्षेत्रात नाही.