पल्स ऑक्सिमीटरवरील नोंद

पल्स ऑक्सिमीटर हे रक्तातील ऑक्सिजनची संपृक्तता त्वचेला न टोचता मोजणारे उपकरण आहे. बोटाला चिमटा लावल्यावर पडद्यावर SpO2 या अक्षरांपुढे जो आकडा दिसतो तो टक्क्यांत असतो. धमनीतील शंभर भाग हिमोग्लोबिनपैकी किती भाग ऑक्सिजनने व्यापलेले आहेत, याचा तो अंदाज असतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असलेल्या लातूर-औसा परिसरात निरोगी माणसाची नोंद साधारणतः ९५ ते १०० या दरम्यान येते. एवढ्या उंचीमुळे या आकड्यात दखल घेण्याजोगा फरक पडत नाही.

पूर्वी शस्त्रक्रियागृहात आणि अतिदक्षता विभागातच दिसणारे हे यंत्र महाराष्ट्रातील खेडोपाडी पोचले ते २०२० साली. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये सुरू झालेल्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत आशा स्वयंसेविका आणि त्यांचे सहकारी घरोघरी जाऊन ताप व ऑक्सिजन मोजत होते. पुढे अनेक घरांनी हे यंत्र विकत घेतले आणि ते आजही कपाटात पडून आहे. यंत्र घरी आले, तरी आकडा खरा की खोटा हे ठरवण्याची रीत मात्र त्याच्यासोबत आली नाही.

कार्यतत्त्व

जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी या यंत्रामागील मूळ कल्पना मांडली. चिमट्याच्या एका बाजूने तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकारचे प्रकाश बोटातून पाठवले जातात व दुसऱ्या बाजूला ते टिपले जातात. ऑक्सिजन वाहणारे हिमोग्लोबिन अवरक्त प्रकाश अधिक शोषते, तर ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश अधिक शोषते. बोटातील त्वचा, हाड, स्नायू हेही प्रकाश शोषतातच. परंतु त्यांचे शोषण स्थिर असते. प्रत्येक ठोक्याबरोबर कमी-जास्त होते ते केवळ धमनीतील रक्त. आओयागींचे खरे कौशल्य या बदलणाऱ्या अंशालाच वेगळे काढण्यात होते. दोन प्रकाशांच्या बदलत्या अंशांचे गुणोत्तर काढून यंत्र आपल्या स्मृतीतील तक्त्याशी ते ताडून पाहते आणि आकडा दाखवते.

यातून दोन मर्यादा आपोआप येतात. पहिली अशी की ठोकाच क्षीण असेल तर यंत्राला मोजण्यासारखे फारसे काही उरत नाही. दुसरी अशी की तक्ता निरोगी स्वयंसेवकांवर प्रयोग करून बनवलेला असतो आणि त्यांचा ऑक्सिजन साधारण ७० टक्क्यांच्या खाली उतरवणे धोक्याचे असते. म्हणून त्याखालच्या आकड्यांवर काटेकोर विश्वास ठेवता येत नाही. चांगल्या यंत्राच्या नोंदीतही दोन-तीन टक्क्यांची तफावत गृहीत धरावी लागते. शिवाय यंत्र काही सेकंदांची सरासरी दाखवते आणि बोटापर्यंत रक्त पोचण्यासही वेळ लागतो. त्यामुळे शरीरात घडलेला बदल पडद्यावर उशिरा उमटतो.

खोटा कमी आकडा

थंडीच्या दिवसांत सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे गार पडलेली बोटे. पहाटे गार पाण्याने भांडी घासून उठलेल्या बाईच्या बोटाला चिमटा लावला तर आकडा ८४ दिसू शकतो. हात चोळून ऊब दिल्यावर त्याच बोटावर ९७ येतो. रक्तदाब मोजण्याचा पट्टा त्याच हातावर फुगवलेला असणे, हुडहुडी किंवा हाताची थरथर, नखांवरील गडद रंग, काळी मेंदी आणि चिमट्यावर थेट पडणारे ऊन हीही अशीच कारणे आहेत.

ही चूक ओळखण्याची खूण यंत्रावरच असते. SpO2 शेजारी PR या अक्षरांपुढे नाडीचे ठोके दिसतात. मनगटावरची नाडी स्वतः मोजावी. बोटांनी ७८ ठोके मोजले आणि यंत्र ११८ दाखवत असेल, तर यंत्राला नाडी सापडलेली नाही आणि ऑक्सिजनचा आकडाही त्या क्षणी निरर्थक आहे. उठावदार, एकसारखी लाट आणि जुळणारी नाडी असेल तर आकडा सहसा विश्वासार्ह असतो. हिरव्या रेषेची लाट न दाखवणाऱ्या स्वस्त यंत्रांत उड्या मारणाऱ्या पट्टीकडे पाहावे.

वाचण्यातली चूकही कमी नाही. यंत्र उलट्या बाजूने पाहिले तर ९८ हा आकडा पडद्यावर 86 असा दिसतो, आणि नाडीचा ७२ हा आकडा ऑक्सिजनचा समजून घरभर घबराट पसरल्याचे प्रसंगही घडतात. अंक कोणत्या अक्षरांपुढे आहे हे आधी पाहावे.

आकडा चांगला, माणूस अत्यवस्थ

कमी आकड्याने घाबरवले तरी बहुधा नुकसान होत नाही. खरी हानी करतो तो खोटा चांगला आकडा. बंद न्हाणीघरातील गॅस गिझर किंवा थंडीत दार लावून पेटवलेली कोळशाची शेगडी यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट धरून बसतो आणि यंत्राला तो ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनसारखाच भासतो. परिणामी डोके दुखून, मळमळून बेशुद्ध होत चाललेल्या माणसाच्या बोटावर ९९ दिसतो. अशा वेळी आकडा बाजूला ठेवून माणसाला मोकळ्या हवेत आणावे आणि जास्तीत जास्त ऑक्सिजन द्यावा. खरे प्रमाण रुग्णालयात को-ऑक्सिमीटरने रक्त तपासल्यावरच कळते.

याच्या उलट एक आकडा ८५ च्या आसपास अडकून बसतो. कुष्ठरोगाच्या बहुविध औषधोपचारात डॅप्सोन हे औषध असते. त्याने, तसेच शेतात फुलोरा वाढवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या नायट्रोबेन्झिनयुक्त द्रावणाच्या विषबाधेने, हिमोग्लोबिनचे मेथेमोग्लोबिन होते. ते दोन्ही प्रकाश जवळजवळ सारखेच शोषते, आणि सारख्या शोषणाचा अर्थ यंत्राच्या तक्त्यात ८५ असा आहे. म्हणून ऑक्सिजन कितीही दिला तरी नोंद तेथून हलत नाही आणि ओठ निळे-करडेच राहतात. ऑक्सिजनला प्रतिसाद न देणारा, ८५ च्या जवळ थांबलेला आकडा दिसताच डॉक्टरांना औषधांचा व फवारणीचा पूर्वेतिहास सांगावा. यावर मेथिलीन ब्लू हे औषध रुग्णालयात देतात.

सावळ्या त्वचेचा प्रश्न तुलनेने अलीकडे चर्चेत आला. २०२० साली अमेरिकेतील एका अभ्यासात असे आढळले की यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना प्रत्यक्षात रक्तातील ऑक्सिजन धोकादायकरीत्या कमी असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गौरवर्णीयांच्या जवळपास तिप्पट होते. भारतीय त्वचेच्या विविध छटा लक्षात घेता ९३-९४ च्या काठावर असलेल्या आजारी माणसाला आकड्याच्या भरवशावर घरी परत पाठवू नये.

मराठवाड्यात मण्यारच्या दंशाने होणारा श्वसनाचा लकवा हे आणखी एक उदाहरण. येथे यंत्र खरेच बोलते, पण उशिरा. पापण्या जड होऊन मिटू लागतात, आवाज अनुनासिक होतो, थुंकी गिळवत नाही आणि तरीही SpO2 ९७ असते. अशा रुग्णाला ऑक्सिजन लावलेला असेल तर श्वास अपुरा पडत असूनही आकडा बराच वेळ चांगला राहतो, कारण यंत्र शरीरात साठणारा कार्बन डायऑक्साइड मोजत नाही.

कमी नोंद आल्यावर

औसा तालुक्यातील एका गावी सहा दिवस ताप असलेला ५८ वर्षांचा शेतकरी आहे, असे समजा. बोटावर ९१ दिसतो. पहिली नजर माणसाकडे टाकावी: तो एका दमात पूर्ण वाक्य बोलू शकतो का, जीभ व ओठांचा रंग कसा आहे, नाकपुड्या फुलतात का. मग पूर्ण एक मिनिट छातीकडे पाहून श्वास मोजावेत. पंधरा सेकंदांना चाराने गुणणे येथे फसवते. २४ पेक्षा अधिक श्वास चिंतेचे आणि ३० च्या वर गंभीर मानतात. त्यानंतर हात ऊबदार करून, बसवून, दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाला चिमटा लावावा आणि आकडा स्थिर होईपर्यंत साधारण एक मिनिट थांबावे. या शेतकऱ्याचे श्वास २८ आहेत, नाडी जुळते आणि दुसऱ्या बोटावरही ९१ च आहे. म्हणजे नोंद खरी आहे आणि हे प्रकरण घरी ठेवण्यासारखे नाही.

त्याला पाठीवर सपाट न झोपवता टेकून बसवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात वा ग्रामीण रुग्णालयात ऑक्सिजन लागतो तेव्हा नाकातील नळीने मिनिटाला २ ते ४ लिटरपासून आरंभ करून आकड्यानुसार प्रवाह वाढवतात. लातूरचे विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेचे रुग्णालय औशापासून सुमारे २० किलोमीटरवर आहे. परंतु हलवण्याची तयारी चालू असताना ऑक्सिजन थांबवू नये. आधीच ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णाचा आकडा अचानक उतरला, तर रुग्णाला पाहून लगेच सिलिंडर रिकामा झाला आहे का, नळी कोठे दुमडली आहे का, प्रवाहमापकातील गोळी खाली बसली आहे का हे पाहावे. अनेकदा दोष तेथेच सापडतो.

येथे एक क्रम मात्र बदलतो. माणूस धापा टाकत असेल, गोंधळलेला असेल किंवा निळा पडत असेल, तर आकडा खरा की खोटा हे तपासण्यात वेळ घालवू नये. ऑक्सिजन आधी सुरू करावा, तपासणी मागाहून करावी. उलटपक्षी, हसत-बोलत असलेल्या, श्वास मोकळा असलेल्या माणसाच्या बोटावर ८२ दिसला तर आधी बोट बदलावे. पडताळूनही आकडा ९४ च्या खाली राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. ९० च्या खाली राहिला तर माणूस वरवर ठीक वाटला तरी ती आणीबाणी आहे, कारण ९० च्या खाली रक्तातील ऑक्सिजन उतारावरून घसरल्यासारखा वेगाने कमी होतो. कोविडच्या काळात कित्येक रुग्ण ८० च्या आसपास असूनही फोनवर बोलत होते, हे विसरता येत नाही.

प्रत्येकासाठी लक्ष्य एकच नसते. वर्षानुवर्षे विडी ओढलेल्या किंवा चुलीच्या धुरात वावरलेल्या व्यक्तींत दीर्घकालीन श्वसनमार्गरोध आढळतो. त्यांपैकी काहींना अधिक ऑक्सिजन दिल्यास कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येते. त्यांच्यासाठी ८८ ते ९२ हे लक्ष्य ठेवतात, तर इतर बहुतेक प्रौढांसाठी ९४ ते ९८. म्हणून घरच्यांनी अशा रुग्णाचा बरा असतानाचा नेहमीचा आकडा औषधांच्या चिठ्ठीवर लिहून ठेवावा. रुग्णालयात पहिला प्रश्न बहुधा तोच विचारला जातो.