मुरगळलेला घोटा : सूज उतरली, पण तोल परत आला का?

पावसाळ्यात शाळेची ओली पायरी उतरताना एखाद्या बाईंचा पाय घसरतो, तळवा आत वळतो आणि घोट्याच्या बाहेरच्या अंगाला कळ येते. घरी पोचेपर्यंत तिथे सूज येते. लंगडत का होईना, चालता मात्र येतं. पाय मुरगळण्याचा हा सगळ्यात नेहमीचा प्रकार. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला हाडांना बांधून ठेवणारी तीन लिगामेंट असतात. त्यांतलं पुढचं तळवा आत वळताना सर्वांत आधी ताणलं जातं. सौम्य मुरगळीत ते तुटत नाही. त्याचे काही तंतू ताणले जातात किंवा अगदी थोडे फाटतात. आपण या बाईंच्या पायाबरोबर पहिल्या दिवसापासून पुढे जाऊ.

पहिला प्रश्न हाड मोडलंय का, हा. त्यासाठी कॅनडातल्या ओटावा इथे डॉक्टरांनी 1992मध्ये नियम मांडले, ते आजही जगभर वापरले जातात. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कडा टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत बोटाने दाबून पाहायची. मग करंगळीच्या रेषेत, पावलाच्या बाहेरच्या कडेवर मधोमध लागणारा हाडाचा उंचवटा आणि शेवटी पावलाच्या आतल्या बाजूचं, घोट्याच्या थोडं पुढचं हाड दाबायचं. यांपैकी हाडावरच दुखत असेल, किंवा पडल्या पडल्या आणि नंतरही लंगडत चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायला हवा. मधुमेहामुळे पावलाची संवेदना कमी झाली असेल, तर या तपासणीवर विसंबून न राहता डॉक्टरांना दाखवावं. आपल्या बाईंचं दुखणं हाडाच्या पुढे, मऊ भागात आहे आणि चार पावलं पडतात. म्हणजे घरी काळजी घेता येईल.

पहिले दोन-तीन दिवस सूज आवरायची. बर्फ ओल्या पंचात गुंडाळून एका वेळी पंधरा मिनिटं लावायचा आणि दोन-तीन तासांनी पुन्हा. बर्फाने मुख्यतः दुखणं कमी होतं, लिगामेंट लवकर जुळत नाही, म्हणून जास्त वेळ ठेवून फायदा नाही आणि त्वचा भाजू शकते. क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून सुरू करून वर न्यायचं, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढवायचा आणि रात्री सोडायचं. बोटं निळसर पडली, थंड झाली किंवा मुंग्या आल्या तर ते घट्ट झालंय. पाय उंच ठेवणं म्हणजे खुर्चीत बसून स्टुलावर टाकणं नव्हे. आडवं होऊन पायाखाली उशा अशा घ्यायच्या की घोटा छातीच्या पातळीच्या वर येईल. तेव्हाच साचलेलं पाणी उतरायला मदत होते.

या दिवसांत घरातली वडीलधारी माणसं हौसेने तेल लावून पाय चोळायला घेतात, गरम पाण्याचा शेक देतात. आत बारीक रक्तवाहिन्यांतून पाझर चालू असताना चोळल्याने आणि शेकल्याने तो वाढतो. आंबेहळदीचा लेप लावायचाच असेल तर कोमट झाल्यावर हलक्या हाताने लावावा, चोळू नये. शेक आणि मालिश तीन दिवस तरी थांबावं.

पूर्ण विश्रांती मात्र सोसवत असेल तर टाळावी. लिगामेंटचे नवे तंतू थोडा ताण पडला तरच योग्य दिशेने जुळतात. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून आडवं असतानाच पंजा वर-खाली हलवायचा, वीस वेळा, दिवसातून तीनदा. मग अंगठ्याने हवेत अ, आ, इ अशी मोठी मोठी अक्षरं काढायची. त्याने घोटा सगळ्या दिशांना फिरतो. किती करायचं हे दुखण्यावरून ठरवावं : दहापैकी तीनपर्यंत दुखणं चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली दिसली तर मात्रा जास्त झाली.

पहिल्या आठवड्याच्या अखेरीस बाई सरळ चालू लागतात. आता ताकदीचे व्यायाम. पावलाची बाहेरची कड भिंतीला टेकवून पाच सेकंद बाहेर ढकलायची आणि सोडायची, असं दहा वेळा. त्याने नडगीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू काम करतात. पाय पुन्हा आत वळू लागला तर तो सावरणारे हेच स्नायू. पुढे लवचिक पट्टा बांधून हीच हालचाल करता येते. त्याबरोबर ओट्याला धरून दोन्ही टाचा उचलायच्या, दहा-दहाच्या दोन फेऱ्या. सहज जमलं की एका पायावर.

दोन आठवड्यांत दुखणं बहुतेक संपतं आणि इथेच पुष्कळ जण थांबतात. लिगामेंट पूर्ण जुळायला मात्र सहा ते बारा आठवडे लागतात आणि त्याहून महत्त्वाचं काहीतरी मागे राहून जातं. 1965मध्ये ब्रिटिश अस्थिरोगतज्ज्ञ मायकल फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लक्ष वेधलं की लिगामेंट आणि सांध्याच्या आवरणात सांध्याची स्थिती मेंदूला कळवणारी चेतातंतूंची टोकं असतात आणि मुरगळताना त्यांनाही इजा होऊ शकते. मग पाय किती वळलाय हे उशिरा कळतं, बाहेरचे स्नायू उशिरा आवळतात आणि खड्ड्यात पाऊल पडताच घोटा पुन्हा दगा देतो. तोलाच्या सरावाने हे पुन्हा पुन्हा लचकणं कमी होतं, हे त्यांनी तेव्हाच दाखवलं. नंतरच्या संशोधनात कारणांचं चित्र अधिक गुंतागुंतीचं निघालं, पण सरावाचा हा उपयोग टिकून राहिला.

हा सराव स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ होतो. सुरुवातीला आधार हाताशी ठेवून दुखऱ्या पायावर तीस सेकंद उभं राहायचं, तीन वेळा. घोटा सतत थोडा थोडा हलतो, ते स्वाभाविक आहे. त्याचंच शिक्षण चाललेलं असतं. तोल साधला की डोळे मिटून. डोळे उघडे असताना नजर सांध्याची उणीव भरून काढते, मिटल्यावर सारा भार पायातल्या संवेदनेवर येतो. मग जाड उशीवर उभं राहायचं आणि त्यानंतर त्याच पायावर तोल धरून दुसऱ्या पायाचा अंगठा पुढे, बाजूला, मागे जमेल तितका लांब नेऊन आणायचा. रोज दहा मिनिटं, किमान सहा आठवडे.

कसोटी बाईंच्या धडधाकट पायावरच आहे. चांगल्या पायावर डोळे मिटून जितका वेळ उभं राहता येतं, जवळपास तितकाच वेळ दुखऱ्या पायावरही राहता यायला हवा. टाचा तेवढ्याच उचलता याव्यात आणि एका पायावर दहा उड्या न दुखता मारता याव्यात. त्याआधी झपझप चालणं ठीक. धावणं आणि बॅडमिंटनसारखा वळसे घेणारा खेळ नंतर, आणि तोही सुरुवातीला घोट्याचा पट्टा लावून.

आठवडाभरात चालणं सुधारलं नाही, दुखणं घोट्याच्या वर नडगीच्या दोन हाडांमध्ये आहे, पाऊल बधिर होतंय किंवा पोटरी सुजून दुखतेय, यांतलं काही असेल तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना भेटावं. महिन्या-दीड महिन्यानंतरही पाय वारंवार लचकत असेल, तर फिजिओथेरपिस्टकडून तोल आणि ताकद दोन्ही तपासून घ्यावी. वर्षानुवर्षं लचकणारे पुष्कळ घोटे पहिल्या मुरगळीनंतर तोलाचा सराव न झालेले असतात.